नोंदणी आधी, छपाई मागून

स्वतःची कादंबरी स्वतःच्या खर्चाने काढायला निघालेल्या लेखकाला छापखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रतींचा. किती छापायच्या? प्रकाशक असता तर हा अंदाज त्याने केला असता. त्याच्याकडे आधीच्या पुस्तकांचा अनुभव असतो, विक्रेत्यांचे फोन असतात, ग्रंथालयांची मागणी माहीत असते. लेखकाकडे यातले काहीच नसते. म्हणून तो हजार प्रती छापतो, दीडशे खपतात आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात. किंवा भीतीपोटी शंभरच छापतो आणि एका प्रतीचा खर्च किमतीच्या वर जातो.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर नव्या कादंबरीची जी जाहिरात हल्ली दिसते, ती या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी असते. आधी कादंबरीतली एकेक ओळ, मग मुखपृष्ठाचे अनावरण, मग आगाऊ नोंदणी. ओळींमुळे वाचकाला भाषेची चव कळते, मुखपृष्ठामुळे पुस्तक ओळखीचे होते आणि नोंदणीतून छपाईचा आकडा हाती येतो.

मराठीला यातला शेवटचा टप्पा मुळीच नवा नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे शब्द वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी वर्तमानपत्रांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या जाहिरातींत वाचलेले आहेत. अमुक तारखेच्या आत पैसे भरा, पुस्तक कमी किमतीत मिळेल, अशी ती योजना असे. मोठे ग्रंथ आणि संच त्यावरच उभे राहिले. फरक एवढाच, की मनीऑर्डरच्या जागी यूपीआय आले आणि हे काम आता एकटा लेखक फोनवरून करू शकतो.

हे प्रत्यक्षात कसे जमते ते पाहण्यासाठी एक उदाहरण मांडून बघू. समजा, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची २४० पानांची कादंबरी आहे, आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. लेखिकेला ती २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनी, प्रकाशित करायची आहे. तारखा इथून उलट्या मोजायच्या. छापखाना तीन आठवडे मागतो, म्हणून छपाईची ऑर्डर १ फेब्रुवारीला जायला हवी. म्हणजे नोंदणी १० ते ३० जानेवारी, मुखपृष्ठ ५ जानेवारीला आणि ओळी डिसेंबरच्या मध्यापासून. पहिली ओळ टाकण्याआधी मुद्रितशोधन पूर्ण झालेले असावे, कारण पोस्टमध्ये एक शब्द आणि पुस्तकात दुसरा, असे झाले तर चोखंदळ वाचकाच्या ते लगेच लक्षात येते.

ओळ निवडणे हे सर्वांत अवघड काम. लेखकाला स्वतःची सुभाषिते आवडतात. ‘आयुष्य म्हणजे न संपणारा प्रवास’ अशी ओळ सुंदर अक्षरांत टाकली की पसंतीचे अंगठे मिळतात, पण ती कोणत्याही पुस्तकातली असू शकते. आता याच कादंबरीतली दुसरी ओळ पाहा: ‘पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आईनं देव्हाऱ्याआधी दाराची कडी काढून पिशवीत टाकली.’ इथे गाव आहे, बाई आहे, आणि कडीच का, हा प्रश्न आहे. वाचक त्या प्रश्नासाठी थांबतो. कसोटी सोपी आहे: ओळ पंधरा-वीस शब्दांत बसावी, मागचेपुढचे सांगावे न लागता कळावी आणि तिने शेवट फोडू नये. संवाद वऱ्हाडी किंवा मालवणीत असेल तर एखादी ओळ त्या बोलीतलीच घ्यावी. त्या भागातला वाचक ती आपणहून पुढे पाठवतो. चार-पाच ओळी पुरतात. रोज एक टाकली तर तिसऱ्या दिवसानंतर कोणी वाचत नाही.

ओळीच्या पुढचे पाऊल म्हणजे मोठा उतारा. अमीश त्रिपाठी यांचे ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० मध्ये आले, तेव्हा त्यांनी पहिले प्रकरण वेगळे छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट ठेवले होते आणि यूट्यूबसाठी चित्रफीतही केली होती. पुस्तक इंग्रजी होते, खर्चही मोठा होता. पण त्यातला विचार मराठी लेखकाला परवडणारा आहे: पहिल्या प्रकरणाची पीडीएफ फुकट द्यावी. ती वाचून नोंदणी करणाऱ्याला पुस्तक हाती आल्यावर आपण फसलो असे सहसा वाटत नाही.

ओळीचे चित्र बनवताना देवनागरीची एक अडचण हमखास येते. चित्र आणि पानांची मांडणी करणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर निरर्थक चिन्हेच उमटतात. म्हणून चित्र तयार झाल्यावर ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘द्ध’ आणि ‘र्ष’ असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा मोफत फॉण्ट आहे. तीच ओळ चित्राखाली अक्षरांतही लिहावी. चित्रातला मजकूर शोधात सापडेलच असे नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तो वाचून दाखवता येईलच असेही नाही.

मुखपृष्ठाला मराठीत मानाचे स्थान आहे. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट यांची चित्रे लोकांनी नावानिशी लक्षात ठेवली. तेव्हा मुखपृष्ठ जाहीर करताना चित्रकाराचे नाव पहिल्या दोन ओळींत हवे. ते न्याय्य आहे आणि उपयोगाचेही, कारण चित्रकाराचा स्वतःचा चाहतावर्ग ती पोस्ट पाहतो. त्याच्याशी पत्रव्यवहार मात्र आधी हवा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी हस्तांतरित करावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पोस्टर, ई-पुस्तक आणि पुढच्या आवृत्त्या यांचा उल्लेख त्या पत्रात असावा.

आणखी दोन गोष्टी अनावरणाआधी तपासायच्या. पहिली: चित्र फोनवर दोन सेंटिमीटर रुंद करून बघणे. त्या आकारात कादंबरीचे नाव वाचता आले नाही, तर ऑनलाइन दुकानातही ते वाचता येणार नाही. दुसरी: कण्याची जाडी. २४० पाने म्हणजे १२० कागद. नेहमीच्या सत्तर जीएसएम कागदावर कणा बारा मिलिमीटरच्या आसपास येतो, पण नेमका आकडा छापखान्याकडूनच घ्यावा. पाने ठरण्याआधी पूर्ण कव्हर बनवले तर कण्यावरचे नाव घडीवर जाते. मलपृष्ठावर आयएसबीएन लागतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकालाही विनामूल्य मिळतो, पण मिळायला वेळ लागू शकतो. अर्ज ओळींच्या आधी गेलेला बरा.

मग पैशांचा भाग. इथले आकडे उदाहरणापुरते धरू. छापील किंमत ३६० रुपये, नोंदणीची किंमत टपालासह ३०० रुपये. दोनशे प्रतींचा दर प्रत्येकी १४० रुपये, म्हणजे २८,००० रुपये. पाचशेचा प्रत्येकी ९५, म्हणजे ४७,५००. मांडणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे २२,००० वेगळे. पाचशेचा दर मोहात पाडतो. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च एकदाच होत असल्याने प्रती वाढल्या की दर उतरतोच.

टपाल आणि पाकिटाचे ४५ रुपये वजा केले तर एका नोंदणीतून २५५ रुपये हाती राहतात. समजा १२० नोंदण्या आल्या, म्हणजे ३०,६०० रुपये. यात दोनशे प्रतींची छपाई निघते. उरलेल्या ८० प्रती दुकानांतून चाळीस टक्के कमिशनवर विकल्या तर प्रत्येकी २१६ प्रमाणे १७,२८० रुपये येतात. एकूण खर्च ५०,०००, जमा ४७,८८०. दोन हजारांची तूट राहते आणि ती प्रकाशन समारंभात स्वतः पूर्ण किमतीला विकलेल्या पंधरा-वीस प्रतींनी भरून निघते. त्याच १२० नोंदण्यांवर पाचशे छापल्या तर ३८,९०० रुपये अडकतात आणि ते सोडवायला दुकानांतून आणखी १८१ प्रती जाव्या लागतात. अनोळखी लेखकाच्या कादंबरीसाठी तो मोठा आकडा आहे.

टपालाचा हिशेब प्रत्यक्ष वजनावर करावा. भारतीय टपाल खात्याच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत दर ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत आहेत, कर वेगळा. ही कादंबरी एकटी पावणेतीनशे ग्रॅमच्या जवळ जाते, पाकीट आणि पुठ्ठा धरला की तीनशेच्या वर सरकते आणि पुढचा दर लागतो. आपले पुस्तक या सेवेच्या अटींत बसते का, हे नोंदणीची किंमत जाहीर करण्याआधी टपाल कार्यालयात विचारून घ्यावे.

नोंदणीच्या पोस्टमध्ये पाच गोष्टी दिसाव्यात: किंमत, शेवटची तारीख, पुस्तक पोस्टात पडण्याचा आठवडा, पैसे भरण्याची जागा आणि पुस्तक न आल्यास पैसे परत मिळतील ही हमी. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती परिचयाच्या जागी ठेवावी लागते. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत २५६ जण मावतात आणि त्यातही ज्यांनी लेखिकेचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून नोंदणीअर्जात पत्ता व पिनकोडबरोबर ‘हा नंबर जतन करा’ अशी विनंती करावी. पैसे भरल्याचे छायाचित्र हा पुरावा मानू नये. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक मागून तो रोज बँकेच्या नोंदीशी जुळवावा. शंभर नोंदण्यांनंतर हे काम एकदम करायला घेतले तर कोणाचे पैसे आले आणि कोणाचे नाही, याचा मेळ बसत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकासाठी टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, त्याला ई-पुस्तक सोयीचे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून आहेत आणि तिथेही आगाऊ मागणी घेता येते. मात्र अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी चढवावी लागते. ती चुकली तर वर्षभर आगाऊ मागणीची सोय बंद होते.

आणि ३० जानेवारीला फक्त ४० नोंदण्या असल्या तर? तारीख वाढवत राहण्याचा मोह होतो, पण पैसे भरलेल्या चाळीस जणांचा विश्वास त्यात झिजतो. ऑफसेट सोडून डिजिटल छपाईत शंभर प्रती काढाव्यात. प्रत महाग पडेल, नुकसान मर्यादित राहील आणि दिलेला आठवडा पाळला जाईल. त्या शंभरांतल्या चार बाजूला ठेवायच्या. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, आणि इथे प्रकाशक लेखिका स्वतःच आहे. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तर त्या चाळीस वाचकांचे अभिप्राय हीच तिची पहिली जाहिरात ठरेल. त्यामुळे पुस्तकाच्या पाकिटात अभिप्राय पाठवण्यासाठी फोन नंबर छापलेली चिठ्ठी टाकायला विसरू नये.