पनीर तळताना चिवट का होतं?

पनीर चीजसारखं वितळत नाही. आच लागली की त्यातली प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि तुकडा रबरासारखा होतो. म्हणून 200 ग्रॅम पनीरचे पाऊण इंचाचे तुकडे करून फडक्याने टिपावेत. पसरट तव्यात दोन चमचे तेल मध्यम आचेवर तापवून ते सुटे सुटे ठेवावेत. एका बाजूला मिनिटभर, दोनच बाजू पुरेत. चारही कडा लाल करण्याचा हट्टच पनीर बिघडवतो. तुकडे लगेच कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं सोडावेत. ओव्हनमध्ये तेल चोळून 200 अंशांवर बारा मिनिटं ठेवावं. कडा सोनेरी दिसताच काढावं. आधीच कोरडं, भुसभुशीत पनीर मात्र कशानेही मऊ होत नाही. त्याची भुर्जीच करावी.