स्टॅटिनची गोळी चुकली तर?

समजा, इंझोरीतील एका गृहस्थांचे एलडीएल कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तात १६० मिलिग्रॅम होते. अ‍ॅटोर्वास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतल्यावर ते ९० वर आले. एके रात्री गोळी राहिली. आता काय होईल?

स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉल बनवणारे एक विकर अडवते. कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की यकृताच्या पेशी पृष्ठभागावर जास्त ग्राहके तयार करतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. ही ग्राहके एका दिवसात नाहीशी होत नाहीत, म्हणून एका खाड्याने फारसे बिघडत नाही. १२ तासांच्या आत आठवले तर ही गोळी घ्यावी. त्यानंतर आठवले तर ती सोडून पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

गोळी बंदच केली तर मात्र २ ते ४ आठवड्यांत एलडीएल पुन्हा १६०च्या आसपास पोचते. त्रास काहीच जाणवत नाही. अशा वेळी रक्त तपासले आणि खंड पडल्याचे डॉक्टरांना सांगितले नाही, तर औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा विनाकारण वाढवली जाऊ शकते. म्हणून खंड सांगावा, त्यांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू करावी आणि ४ ते ६ आठवडे नियमित घेतल्यावरच रक्त तपासावे.