डब्याच्या आतले अस्तर

डिसेंबरात आमरस खायचा तर डबा फोडावा लागतो. रस पातेल्यात ओतून झाल्यावर तो डबा लगेच टाकू नये. पाण्याने धुऊन उजेडात धरावा आणि आत डोकावून पाहावे. अनेक डब्यांच्या आतल्या बाजूवर सोनेरी किंवा पांढरट, गुळगुळीत असा एक थर दिसतो. नखाने खरवडला तरी तो सहसा निघत नाही. जाडी जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. हा थर नसता तर फळातल्या आम्लाने पत्रा खाल्ला असता आणि रसाला धातूची चव आली असती. पत्र्याला लावलेले हे लॅकर गेली सत्तरेक वर्षे बहुतांशी इपॉक्सी नावाच्या राळेचे असते, आणि ती राळ ज्या रसायनापासून बनते त्याचे नाव बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए.

राळ बनताना बीपीएचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. पण सगळेच जोडले जात नाहीत, थोडे मोकळे राहतात. डबा भरून झाकण बसवले की त्याला साधारण १२१ अंश सेल्सिअसवर वाफेच्या दाबाखाली शिजवतात, जंतू मारण्यासाठी. मोकळे रेणू अन्नात उतरतात ते मुख्यतः याच वेळी. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे मोजून पाहिले. उतरायचे तेवढ्यापैकी ८० ते १०० टक्के बीपीए या पहिल्या शिजवण्यातच उतरले होते. पुढे डबे महिनोन्‌महिने ठेवले, मुद्दाम ठोकून पोचे पाडले, तरी त्यात फारशी भर पडली नाही. म्हणजे ‘पोचलेल्या डब्यातून केमिकल उतरते’ ही समजूत बीपीएच्या बाबतीत तरी चुकीची ठरते. पोचलेला डबा नाकारावा तो सांधा उसवून जंतू आत शिरण्याच्या भीतीने.

अन्नात उतरलेले पोटात जाते का, याचे सरळ उत्तर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने २०११ मध्ये दिले. ७५ जणांना पाच दिवस रोज एक वाटी डब्यातले सूप दिले, आणि मध्ये दोन दिवस सोडून दुसरे पाच दिवस ताजे शिजवलेले. काहींना आधी डब्यातले, काहींना आधी ताजे. ताज्या सुपानंतर लघवीत लिटरमागे सरासरी १.१ मायक्रोग्रॅम बीपीए निघाले, डब्यातल्या सुपानंतर २०.८. रोज एक वाटी, आणि फरक जवळपास एकोणीस पटींचा!

हा आकडा पाहून दचकण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बीपीए शरीरात साठून राहत नाही. यकृत त्याला साखरेचा एक रेणू जोडून निष्प्रभ करते आणि मूत्रपिंडे बाहेर टाकतात. बहुतेक सगळे दिवसभरात निघून जाते. त्यामुळे लघवीतला आकडा गेल्या काही तासांत काय खाल्ले ते सांगतो, आयुष्यभराचा हिशेब सांगत नाही. मात्र नळ चालूच असेल तर बादली कधी रिकामी होत नाही. अमेरिकेत २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरील लोकांच्या लघवीची देशव्यापी तपासणी झाली, तेव्हा सुमारे ९३ टक्के नमुन्यांत बीपीए सापडले होते.

आता मूळ प्रश्न. एवढ्याशा रसायनाने संप्रेरकांचे काय बिघडते?

बीपीए इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे प्लास्टिकच्या आधीपासून ठाऊक आहे. लंडनचे एडवर्ड चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते आणि १९३६ मध्ये त्यांनी बीपीएचा हा गुण नोंदवला. औषध म्हणून ते फार दुबळे निघाले. डॉड्स यांना पुढे त्याहून कितीतरी जोरकस रसायन मिळाले आणि बीपीए बाजूला पडले. १९५०च्या दशकात रसायन उद्योगाने ते उचलले, ते संप्रेरक म्हणून नव्हे. त्यापासून काचेसारखे पारदर्शक आणि न फुटणारे पॉलिकार्बोनेट बनत होते, आणि डब्यांचे अस्तरही.

दुबळे म्हणजे किती? इस्ट्रोजेनच्या नेहमीच्या ग्राहीवर बीपीएची पकड नैसर्गिक संप्रेरकाच्या हजारपट किंवा त्याहूनही कमी असते. उद्योगांचा युक्तिवाद बरीच वर्षे याच आकड्यावर उभा होता. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो एका धुण्याच्या चुकीमुळे.

१९९८च्या ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या स्त्रीबीजांवर काम करत होत्या. ज्या उंदरांना काहीच दिलेले नव्हते त्यांच्या बीजांतही गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली दिसू लागली. एरवी हे प्रमाण १ ते २ टक्के असे, ते एकदम ४० वर गेले. शोधाशोध केल्यावर कळले की पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या सौम्य साबणाऐवजी फरशी धुण्याच्या तीव्र द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे. अल्कलीने त्यांचा पृष्ठभाग धुरकट झाला होता, बाटल्या गळू लागल्या होत्या आणि बीपीए सुटून उंदरांच्या पोटात जात होते. हंट घाईने काही जाहीर करून मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी मुद्दाम पिंजरे खराब करून आणि नंतर थेट बीपीए देऊन तोच परिणाम पुन्हा दाखवला, आणि मग २००३ मध्ये निबंध छापला.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरचे बहुतेक अभ्यास असे असतात: लघवीत बीपीए जास्त त्यांच्यात मधुमेह जास्त, हृदयविकार जास्त. इथे एक खोच आहे. जो जास्त खातो, त्यातही डबाबंद आणि तयार खाणे जास्त खातो, त्याच्या पोटात बीपीएही जास्त जाणार आणि साखरही. आजार कशाने झाला हे अशा आकड्यांवरून ठरत नाही.

म्हणून दक्षिण कोरियातला एक छोटा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. सोलमध्ये साठीच्या पुढच्या ६० जणांना सोयाबीनचे दूध प्यायला दिले. दूध तेच, पण एकदा काचेच्या बाटलीतून, एकदा डब्यातून. सोयादूध निवडले कारण त्याने स्वतःहून रक्तदाब चढत नाही. दोन तासांनी डब्यातून प्यालेल्यांच्या लघवीतले बीपीए अनेक पटींनी वाढलेले होते आणि वरचा रक्तदाब काचेच्या वेळेपेक्षा सरासरी साडेचार अंकांनी जास्त होता. माणूस तोच, पेय तेच, बदलले ते फक्त भांडे. अर्थात एका दुपारचा रक्तदाब म्हणजे रोग नव्हे, आणि ६० माणसे म्हणजे फार नव्हेत. तरी ‘एवढ्याने शरीराला कळतसुद्धा नाही’ असे म्हणणे यानंतर अवघड झाले.

मग सुरक्षित मर्यादा किती? इथे हार्वर्डचे सूप पुन्हा समोर घेऊ. लिटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम आणि दिवसभरात दीड लिटर लघवी धरली तर ३० मायक्रोग्रॅम होतात. ६० किलोच्या माणसाला हे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम पडते. हा हिशेब चढाच आहे, कारण लघवीतला तो उच्चांक दिवसभर टिकत नाही. आता युरोपची अन्नसुरक्षा संस्था काय म्हणत आली ते पाहू. २००६ मध्ये तिने दिवसाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅम चालतील असे ठरवले. त्या मापाने सूप मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्यावर. २०१५ मध्ये मर्यादा ४ वर आली. सूप आठव्या हिश्श्यावर, तरीही आतच. एप्रिल २०२३ मध्ये संस्थेने ती २०,००० पटींनी उतरवून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. आता तेच सूप मर्यादेच्या २,५०० पट!

सूप बदलले नव्हते, मोजायची गोष्ट बदलली होती. नव्या मर्यादेसाठी संस्थेने आधार घेतला तो उंदरांच्या प्लीहेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. अत्यल्प बीपीएनेही या पेशी वाढतात आणि त्यांचा संबंध दमा व स्वप्रतिकार आजारांशी असू शकतो, असे तिचे म्हणणे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटले नाही. पेशी वाढल्या म्हणजे आजार झाला असे होत नाही, म्हणून तिने स्वतःची मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम काढली, म्हणजे युरोपीय संस्थेच्या हजारपट सैल. गंमत अशी की त्या सैल मापानेही आपले सूप मर्यादेच्या अडीचपट भरते. २००६च्या ५०वर परत जा असे या दोघींपैकी कुणीच म्हणत नाही, आणि सामान्य माणसाने या भांडणातून लक्षात ठेवायची गोष्ट तीच. अमेरिकेचा अन्न-औषध विभाग मात्र सध्याच्या पातळीला बीपीए सुरक्षित मानत आला आहे.

दरम्यान बाजाराने सोपी वाट काढली. बाटल्यांवर ‘बीपीए फ्री’ झळकू लागले. अनेक ठिकाणी बीपीए काढून त्याची जागा बिस्फेनॉल एस या भावंडाने घेतली. २०१८ मध्ये हंट यांच्या नव्या प्रयोगशाळेत वीस वर्षांपूर्वीचीच कथा पुन्हा घडली. बीपीए नको म्हणून आणलेले दुसऱ्या प्लास्टिकचे पिंजरे खराब झाले आणि उंदरांची बीजे पुन्हा बिघडली. या वेळी सुटत होते ते बिस्फेनॉल एस.

आपल्या घरात याचा शोध घ्यायचा तर भांडे उलटे करावे. तळाशी त्रिकोणात आकडा असतो. पाण्याची, शीतपेयाची पातळ बाटली १ आकड्याची, आणि फ्रिजमधले बरेच डबे ५ आकड्याचे. या दोन्ही प्लास्टिकांच्या घडणीत बीपीए लागत नाही. त्यांच्याबद्दल इतर तक्रारी असू शकतील, ही नव्हे. आकडा ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्यात पॉलिकार्बोनेट येते. कार्यालयात, लग्नात उलटा करून लावतात तो वीस लिटरचा कडक, निळसर जार अनेकदा याच जातीचा असतो. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून फक्त थंड पेये प्यायली, तेव्हा त्यांच्या लघवीतले बीपीए सुमारे दोन-तृतीयांशाने वाढले. उकळते पाणी ओतले तर बीपीए सुटण्याचा वेग १५ ते ५५ पट होतो, असे सिनसिनाटीच्या प्रयोगात दिसले. बाटली नवी की जुनी याने फरक पडला नाही, फरक पडला तो पाण्याच्या उष्णतेने. तेव्हा अशा भांड्यात गरम चहा, सूप ओतू नये आणि ते तीव्र पावडरीने घासू नये. स्टीलच्या डब्याला आणि काचेच्या बरणीला हा प्रश्नच नाही. तान्ह्या बाळासाठी ही काळजी सर्वात जास्त घ्यावी, कारण त्याचे यकृत बीपीए निकामी करायला अजून पुरते तयार नसते.

डब्याच्या अस्तराला मात्र घरात उपाय नाही, कारण बीपीए उतरायचे ते कारखान्यातच उतरून झालेले असते. तिथे कायदाच लागतो. युरोपीय संघाचा तसा नियम २० जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. अन्नाला लागणाऱ्या अस्तरांत आणि प्लास्टिकांत बीपीएला बंदी, घातक ठरलेल्या इतर बिस्फेनॉलांनाही बंदी. बहुतेक वस्तूंना बदलासाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. फळे, भाज्या आणि मासे यांच्या काही डब्यांना ती २० जानेवारी २०२८ पर्यंत आहे.