लायसन्स बनावट निघालं, म्हणून भरपाई मालकाने फेडायची?

समजा, साताऱ्यातल्या एका टेम्पोमालकाला विमा कंपनीचं पत्र आलं: ‘तुमच्या टेम्पोच्या अपघातात दगावलेल्या व्यक्तीच्या वारसांना आम्ही नऊ लाख रुपये दिले. चालकाचं लायसन्स बनावट निघालं. ही रक्कम व्याजासह आम्हाला भरा.’ हप्ता वेळेवर भरलेला असताना असं पत्र आलं की माणूस हबकतो.

कंपनीने आधी पैसे दिले, कारण विमा पॉलिसीच्या अटी मोडल्या की नाही या वादात अपघातग्रस्ताचं कुटुंब भरडलं जाऊ नये. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा आदेश देतं की कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. तेव्हा पत्र हातात पडताच निकालाची प्रत काढून शेवटचा आदेश वाचावा. वसुलीचा हक्क त्यात दिलेला नसेल, तर नुसत्या पत्राने मालक देणेकरी ठरत नाही. दिलेला असेल, तर कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही. त्याच न्यायाधिकरणात अर्ज करून ती वसुली मागू शकते.

असा आदेश नेमका कधी होतो, हे कळीचं आहे. लायसन्स बनावट असणं एवढंच त्याला पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सांगितलं की मालकाने निष्काळजीपणा केला, पुरेशी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. त्याआधी 2003 च्या लेहरू खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की चालक ठेवताना मालकाने लायसन्स पाहावं, ते दिसायला खरं असावं आणि माणूस नीट गाडी चालवतो का याची खात्री करावी. प्रत्येक वेळी आरटीओत चौकशी करण्याची अपेक्षा नाही. 2023 मध्ये गीता देवी प्रकरणातही अशी वसुली नाकारली गेली.

आपल्या टेम्पोमालकाने लायसन्स पाहून झेरॉक्स ठेवली होती, चालकाला शेजारी बसून गाडी चालवायला लावली होती. हे त्याने साक्षीत सांगितलं असतं, तर त्याची बाजू भक्कम होती. पण ‘विमा आहे, कंपनी बघून घेईल’ म्हणत तो तारखांना गेलाच नाही. कंपनीने आरटीओचा दाखला दिला, मालकाची बाजू कुणी मांडली नाही आणि निकाल एकतर्फी लागला.

तरीही मार्ग उरतो. एकतर्फी आदेश रद्द करून घेण्यासाठी त्याच न्यायाधिकरणात अर्ज करता येतो किंवा निकालापासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. उशीर झाला तर त्याचं सबळ कारण द्यावं लागतं. मात्र लायसन्स बनावट असल्याचं कळूनही चालकाला गाडीवर ठेवलं असेल, तर हा बचाव टिकत नाही. आता सारथी पोर्टलवर लायसन्सचा क्रमांक तपासता येतो. चालक ठेवतानाच ती नोंद छापून झेरॉक्ससोबत ठेवली, तर काळजी घेतल्याचा पुरावा हाताशी राहतो.