बादलीत आधी गार पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सगळ्यात आधी चालू होतो तो गिझर. तेल लावलेलं, उटण्याने माखलेलं दोन वर्षांचं पोर हातातून निसटत असतं, बादलीत वाफाळतं पाणी पडत असतं आणि आई टॉवेल आणायला वळते. भाजण्याचा प्रसंग घडायला एवढा वेळ पुरतो.

किती वेळ, याचा हिशोब अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 मध्येच मांडला होता. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला जेमतेम पाच सेकंद लागतात, 70 अंशांना एक सेकंदही पुष्कळ होतो. तेच पाणी 50 अंशांच्या आसपास असेल, तर अवधी काही मिनिटांवर जातो. लहान मुलाची कातडी पातळ, म्हणून त्याला याहून कमी वेळ लागतो. शिवाय त्याला पटकन बाजूला होता येत नाही. म्हणजे दहा अंश उतरवले की आपल्याला हात पुढे करून मूल उचलायला वेळ मिळतो. सारा मुद्दा एवढाच आहे.

आमचा पंधरा लिटरचा गिझर किती तापतो, हे नात रांगू लागेपर्यंत मी कधी मोजलंच नव्हतं. मोजायची रीत सोपी आहे. गिझरचा तापवण्याचा दिवा विझू द्यावा, गरम नळ अर्धा मिनिट वाहू द्यावा (आधी नळीतलं गार पाणी येतं, ते फसवं), मग मग्यात पाणी घेऊन स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवावा. तापाचा थर्मामीटर नको. तो 42-43 अंशांपुढे जात नाही. आमच्या नळाला 68 अंश निघाले.

इलेक्ट्रिशियन आला. "काकू, बाहेर गोल बटण नाही, पण आत आहे," म्हणाला. एमसीबी पाडून, वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून त्याने खालचं झाकण काढलं. थर्मोस्टॅटच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच असते, ती त्याने थोडी मागे फिरवली. खाचेपाशी छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये. पुन्हा तापवून पुन्हा मोजावं. दुसऱ्या खेपेला आम्ही 50 वर आलो. हे झाकण घरच्या घरी मात्र उघडू नका.

विजेचं काय? इथे लोक थोडा चुकीचा हिशोब करतात. वीस लिटरची बादली 25 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण 0.35 युनिट लागतं, मग थर्मोस्टॅट कुठेही असो. फरक मागे उरलेल्या उष्णतेत असतो. 68 अंशांचं पाणी असेल तर बादलीत सात लिटर गरम आणि तेरा लिटर गार पडतं. टाकीत आठ लिटरभर कढत पाणी उरतं आणि त्यातलं 0.4 युनिट संध्याकाळपर्यंत हळूहळू वाया जातं. 50 अंशांना बारा लिटर गरम लागतं, मागे तीनच उरतं, म्हणजे जेमतेम 0.09 युनिट. लगेच दुसरं माणूस आंघोळीला बसलं तर उरलेली उष्णता वापरली जाते आणि बचतही घटते. उलट 50 वर दुसऱ्या बादलीसाठी थोडं थांबावं लागतं: दोन किलोवॉटच्या गिझरला पूर्ण गार टाकी तापवायला तेरा मिनिटं. आम्ही थांबतो.

कमी तापमानाचा एक तोटाही आहे. कोमट साठ्यात, विशेषतः 20 ते 45 अंशांत, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. बाहेर बटण असेल त्यांनी आठवड्यातून एकदा, मुलं झोपल्यावर, 60 च्या वर नेऊन अर्धा तास ठेवावं आणि मग खाली आणावं. बटण आत असेल तर नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणं उत्तम. टाकीत 60 अंश राहतात, नळाला मात्र ठरवलेलंच तापमान येतं.

सौर बंबाला हा व्हॉल्व्ह जवळपास अपरिहार्य समजा. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला पाणी तापणं थांबवायला थर्मोस्टॅट बहुधा नसतोच. कडक उन्हाळ्यात तिथलं पाणी 70 पार जातं.

आणि थर्मोस्टॅट बिघडतो. बोअरवेलच्या जड पाण्याने त्याच्या नळीवर क्षार चढले, की त्याला टाकीतली उष्णता उशिरा कळते. दिवा बराच वेळ विझत नाही, टाकीतून उकळल्यासारखा आवाज येतो, नळातून वाफ सुटते, असं दिसलं तर गरम नळ न उघडता एमसीबी पाडा.

यापुढचं काम हाताचं आहे. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून पाहा, 37-38 अंश पोराला पुरतात. आणि भाजलंच, तर लगेच कपडे आणि डायपर काढा (चिकटलेले सोडून) आणि भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. चेहरा, हात, जांघ भाजली किंवा जखम मुलाच्या तळव्याहून मोठी असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून थेट रुग्णालयात न्या.