बटनाच्या फोनवरून लशीची वेळ

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला कोविडची लस खुली झाली, पण ‘कोविन’वर नोंदणी करून आधी वेळ घ्यावी लागे. सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची मुभा आली ती २४ मे रोजी. तोवर ज्याच्याकडे साधा बटनाचा फोन, त्याला दुसऱ्या कुणाचे तरी पाय धरणं भाग होतं. अशा माणसाची नोंदणी फोनवरून करायची, तर काम वाटून घ्यावं लागतं: आकडे यंत्राने घ्यायचे, अक्षरं माणसाने.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातला तिशीचा शेतमजूर सेवेच्या क्रमांकावर मिस्ड कॉल देतो. यंत्र उलट फोन करतं, म्हणजे त्याचा पैसा जात नाही. ‘मराठीसाठी एक दाबा’ इथून सुरुवात होते, मग पिनकोड आणि जन्मवर्ष. एवढंच विचारावं. प्रश्न वाढले की लोक मध्येच फोन ठेवतात. नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक मात्र स्वयंसेवकानेच विचारून घ्यावा आणि पुन्हा वाचून दाखवावा. नाव कार्डावर आहे तसंच पडायला हवं, नाहीतर केंद्रावर अडतं.

खरी अडचण ओटीपीची. स्वयंसेवकाने त्या मजुराचा नंबर टाकला की सहा आकडी ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि तीन मिनिटांत बाद होतो. फोन कानाला लावलेला, संदेश इंग्रजीत. फोन चालू ठेवूनच तो उघडायचा आणि आकडे वाचायचे. शिवाय ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ओटीपी मागवण्याआधीच सांगावं: आता संदेश येईल, त्यात कोविनचं नाव असेल, बँकेचं असेल तर मला सांगू नका. घरात वाचणारं कुणी असेल, तर त्यालाही आधीच जवळ बोलवायला सांगावं.

कंटाळून काही जण स्वतःचाच नंबर टाकतात. एका नंबरावर चौघांची नोंद तेव्हा चालत होती, त्यामुळे पहिला डोस सुरळीत होतो. कोविशील्डचा दुसरा मात्र किमान ८४ दिवसांनी. तोवर स्वयंसेवक बदललेला असतो, संदेश भलत्याच फोनवर जातात. मजूर मग नव्या नंबराने नोंद करतो आणि त्याच्या नावावर दोन ‘पहिले डोस’ चढतात. पुढे दोन डोसांचं प्रमाणपत्र मिळवताना त्याची दमछाक होते.

एखादी संस्था उद्या दवाखान्याच्या वा दाखल्याच्या नोंदणीसाठी अशी सेवा काढणार असेल, तर तिला एवढीच विनंती: नोंद फोन करणाऱ्याच्याच नंबरावर करा, आणि तारीख, केंद्र व नोंदणी क्रमांक त्याने कागदावर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.