उणा अवकाश आणि हरवलेला हिशेब

यंदाच्या उत्तरपत्रिका परत पाठवून मी परीक्षकाच्या कामातून निवृत्त झालो. परंतु जाताना एक गोष्ट मनाला डाचत राहिली, ती अशी की, निगेटिव्ह फ्लोटच्या प्रश्नाला बहुसंख्य उमेदवारांनी ‘क्रॅशिंग करावे’ एवढे एकच वाक्य लिहिले, आणि काहींनी तर ‘मुदतीचे बंधन काढून टाकावे’ असा उपाय सुचविला.

1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीसाठी केली आणि वॉकर यांनी क्रिटिकल पाथची रीत घडविली, तेथपासून ती आमच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावेपर्यंतची वर्षे मी येथे ओलांडतो, कारण माझ्या स्मरणातले खरे दशक 1990 नंतरचे आहे. त्या काळी कामाचे जाळे ट्रेसिंग कागदावर हाताने आखले जाई, आणि संगणक नुकताच दफ्तरात येऊन बसला होता.

तेव्हा अभ्यासाला आम्ही देत असू ते उदाहरण एका लहान पुलाचे होते. पाया 30 दिवस, त्यावर खांब 24, त्यावर स्लॅब 36 आणि शेवटी रस्त्याचा थर 20, अशी ही साखळी 110 दिवसांची; पायाबरोबरच सुरू होणारा जोडरस्त्याचा भराव 84 दिवसांचा, आणि तो संपल्याशिवायही थर घालता येत नाही. पावसाळ्यापूर्वी काम उरकावे म्हणून मुदत मात्र 100 दिवसांची फर्मावलेली. आता शंभराव्या दिवसापासून उलट मोजीत यावे: थर ऐंशीव्या दिवशी सुरू झाला पाहिजे, म्हणून स्लॅब चव्वेचाळिसाव्या दिवशी, पण खांब तर चोपन्नाव्या दिवशी संपतात. स्लॅबचा अवकाश उणे 10, भरावाचा उणे 4. पायाच्या घरात तर ‘उणे दहावा दिवस’ असा आकडा येई, आणि काम मुळात सुरू होण्यापूर्वीच दहा दिवस आधी सुरू व्हायला हवे होते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या पेन्सिलीने लिहावे लागे. मुदत वरून लादली नसती, तर उलटी मोजणी एकशे दहाव्या दिवसापासून झाली असती आणि कोठेही शून्याखाली आकडा उतरला नसता. निगेटिव्ह फ्लोटचे मूळ कारण हेच, लादलेली तारीख आणि जाळ्याची स्वतःची तारीख यांतील तफावत. चालू कामात पाया रखडला तर तीच तफावत नंतर उद्भवते, आणि कधी चुकीचा जोड किंवा चुकीचे कॅलेंडरही ती उत्पन्न करते.

म्हणूनच परीक्षकाची पहिली अपेक्षा अशी की, उमेदवाराने प्रथम हे जोड आणि हे कालावधी पडताळून पाहावेत. त्यानंतर उपाय. येथेच उतावळा विद्यार्थी फसे. सेंटरिंगचा दुसरा संच आणून तो स्लॅब 36 वरून 26 दिवसांवर आणी आणि दहा दिवस वाचले म्हणून थांबे. परंतु भरावाची साखळी 104 दिवसांचीच राहिल्याने काम तरीही चार दिवस उशिरा संपे, आणि शेवटच्या चार दिवसांचा जादा खर्च व्यर्थ जाई. जाणता विद्यार्थी आधी दोन्ही साखळ्यांना सामाईक असलेल्या थराकडे वळे. एका बाजूचा भराव आधी पुरा करून, स्लॅब व दुसरी बाजू संपण्यापूर्वी चार दिवस तेथे थर सुरू केला, म्हणजे फास्ट ट्रॅकिंग केले, तर दोन्हींतून चार दिवस कमी होतात. उरलेले सहा स्लॅबमधून काढावेत. मात्र अवजड वाहनांनी नवा थर खचण्याचा धोका त्याने लिहावाच लागे, आणि वाचविलेले दिवस क्युरिंगमधून काढता येणार नाहीत, हेही. मजूर वाढविल्याने काँक्रीट लवकर पक्के होत नाही. एवढे करूनही तूट राहिली, तर खर्चाच्या व धोक्याच्या आकड्यांसह व्याप्ती घटविण्याची किंवा मुदतवाढीची तजवीज मंजुरीसाठी वर मांडावी. परस्पर तारीख बदलू नये.

त्याच दशकात एका कार्यालयात मी पाहिले की, वरिष्ठांपुढे जाणाऱ्या तक्त्यात Total Float च्या रकान्यातील उणे आकडे, Finish On or Before हे बंधन पुसून, एका दुपारी नाहीसे केले गेले. आकडे गेले, विलंब राहिला, आणि ज्याने हरकत घेतली त्यालाच अडथळा ठरविण्यात आले. त्या कृत्याला मी तेव्हा लबाडी म्हटले होते आणि आजही तेच म्हणतो. हीच कृती आज उत्तरपत्रिकेत उपाय म्हणून निष्कपटपणे लिहिली जाते, कारण उलटी मोजणी विद्यार्थ्याने हाताने कधी केलेलीच नसते.

माझ्यामागून येणाऱ्या परीक्षकांना माझी विनंती एवढीच की, या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत दोन साखळ्यांचे एक जाळे हाताने सोडविण्यास अवश्य द्यावे, आणि ‘क्रॅशिंग’ या सुट्या शब्दाला गुण देऊ नयेत.